प्रस्तावना : तळाच्या पाण्याची शिदोरी

मे महिन्यात तळ्याच्या काठावर उभे राहून पाण्यात हात घातला तर कोमट लागते, आणि तेच पाणी तळापर्यंत असणार असे आपण गृहीत धरतो. पोहणाऱ्याला मात्र ठाऊक असते की छातीपर्यंतचे पाणी ऊनऊन आणि पायाशी एकदम गार, असा प्रकार तळ्यात असतो. त्या दोन पाण्यांच्या मध्ये एक पातळ पट्टा असतो, जिथे हातभर खाली गेले की तापमान झपकन उतरते. या पट्ट्याला शास्त्रात थर्मोक्लाइन म्हणतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मेंडोटा सरोवराचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या एडवर्ड बर्ज यांनी १८९७ मध्ये हा शब्द वापरात आणला. हा पट्टा झाकणासारखे काम करतो. झाकणावरचे पाणी वाऱ्याने घुसळले जाते, हवेतून आणि शेवाळातून प्राणवायू मिळवते. झाकणाखालच्या पाण्याला हे दोन्ही रस्ते बंद होतात. झाकण बसले त्या दिवशी जेवढा प्राणवायू खाली होता तेवढ्या शिदोरीवर त्याला पुढचे दिवस काढायचे असतात. पुढच्या प्रकरणांत तळ्यांचे तापमान, प्राणवायू, गाळ आणि मासे यांच्या नोंदी येतील. त्यांच्याआधी मला एकच मुद्दा मांडायचा आहे : तळाशी प्राणवायू टिकेल की नाही, आणि पाणी उलटले की तळे वाचेल की मरेल, याचा निर्णय झाकणाच्या वरच्या आणि खालच्या थरांची जाडी करते. तापमानाचा आकडा या गोष्टीची फक्त सुरुवात सांगतो.

पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो रास्त वाटावा असा आहे. गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे ११.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशाच्या पाण्यात जेमतेम ७.६. मग तळाचे गार पाणी जास्त समृद्ध असायला हवे, ते उपाशी का राहावे? उत्तर असे, की किती मावते आणि किती येते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कणगी मोठी असली म्हणून त्यात धान्य आपोआप येत नाही. झाकण बसल्यावर खालच्या पाण्यात येणारे काहीच नसते, जाणारे मात्र रोज असते. वरून मेलेले शेवाळ, पाने, माशांची विष्ठा आणि न खाल्लेले खाद्य पडत राहते, आणि तळाच्या गाळातले जिवाणू ते कुजवताना प्राणवायू वापरतात. उदाहरणासाठी धरू की गाळाचा एक चौरस मीटर दिवसाला १ ग्रॅम प्राणवायू खातो. झाकणाखालचा थर १ मीटर जाड असेल आणि सुरुवातीला त्यात लिटरमागे ७.५ मिलिग्रॅम असेल, तर त्या चौरस मीटरवर एकूण ७.५ ग्रॅम शिदोरी आहे. ती आठवड्याभरात संपेल. तोच गाळ, तीच भूक, पण थर १० मीटर जाड असेल तर शिदोरी ७५ ग्रॅमची आणि अडीच महिने पुरणारी. गार पाण्यात कुजणेही मंदावते, म्हणून खोल आणि गार थर आणखी टिकतो.

हे नुसते कागदावरचे गणित राहू नये म्हणून मी उत्तर अमेरिकेतल्या एरी सरोवराकडे वळतो, कारण निसर्गाने तिथे हाच प्रयोग एकाच सरोवरात तीन वेगळ्या खोलींवर मांडून ठेवला आहे. एरीचे पश्चिमेकडचे खोरे सरासरी ७ मीटरच्या आसपास खोल, मधले १८ मीटर, आणि पूर्वेकडचे सर्वांत खोल, जिथे तळ ६४ मीटरपर्यंत जातो. घाण आणि खत सर्वाधिक पश्चिमेला येते, तेव्हा तळ तिथेच सर्वांत आधी गुदमरावा असे कुणालाही वाटेल. तसे सहसा होत नाही, कारण इतक्या उथळ पाण्यात वारा तळापर्यंत पोचतो आणि झाकण बसूच देत नाही. पूर्वेला झाकण बसते, पण त्याखाली एवढे जाड गार पाणी असते की शरद ऋतूपर्यंत शिदोरी पुरते. गुदमरते ते मधले खोरे. तिथे झाकण इतक्या खाली बसते की त्याखाली दोनतीन मीटरचाच थर उरतो. उन्हाळा संपता संपता, ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये, त्याच्या तळाचा प्राणवायू संपत येतो. १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्यात पंचमहासरोवरांच्या पाण्याबद्दल करार झाला, सांडपाण्यातून येणारे फॉस्फरस बरेच कमी केले गेले, आणि तरीही मधल्या खोऱ्याच्या तळाची ही तगमग आजही उन्हाळ्याअखेर दिसते. कुणी म्हणेल की घाण थांबवली की प्रश्न मिटतो. घाण थांबवल्याने गाळाची भूक कमी होते, आणि ते केलेच पाहिजे, पण थराची जाडी मात्र तशीच राहते. पातळ थराला थोडी भूकही जड जाते.

पश्चिम खोऱ्याची १९५३ सालची हकिगत तर प्रत्येक तलावप्रेमीने लक्षात ठेवावी अशी आहे. त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस बरेच दिवस वारा पडला आणि हवा तापली. एरवी कधी न बसणारे झाकण त्या उथळ खोऱ्यावर बसले. खालचा थर पातळ, गाळ भुकेला, त्यामुळे प्राणवायू संपायला थोडेच दिवस पुरले. या खोऱ्याच्या चिखलात हेक्साजेनिया नावाच्या मेफ्लाय माशीच्या अळ्या बिळे करून राहात. अळी चिखलात दोनएक वर्षे काढते, आणि तिचे प्रौढ कीटक उन्हाळ्यात इतक्या मोठ्या झुंडींनी बाहेर पडत की किनाऱ्यावरच्या गावांत दिव्यांखाली त्यांचे ढीग साचत. सप्टेंबरच्या सुरुवातीला विल्सन ब्रिट या कीटकशास्त्रज्ञाने तळाचा चिखल वर काढला तेव्हा त्यात या अळ्या मोठ्या संख्येने मेलेल्या होत्या. पुढच्या काही वर्षांत मेफ्लाय त्या खोऱ्यातून जवळपास नाहीशी झाली, आणि १९९०च्या दशकात हळूहळू परतली. वाराविरहित काही दिवसांनी जे गेले ते भरून यायला चाळीसेक वर्षे लागली. घाण आधीपासून होती, पण घाव बसला तो झाकण बसलेल्या त्या थोड्या दिवसांत.

आता आपल्याकडे. इथे दुसरा आक्षेप हमखास निघतो : थंड देशांतल्या सरोवरांत वरचे पाणी २२ अंश आणि तळाचे ८ अंश असते, आपल्या शेततळ्यात वर ३२ आणि तळाशी २९. तीन अंशांच्या फरकाने काय झाकण बसणार? आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूने जुनी पुस्तकेही आहेत, कारण बर्ज यांच्या व्याख्येत दर मीटरला किमान १ अंश घसरण असेल तरच थर्मोक्लाइन म्हणायचे, असा दंडक होता. पण झाकण तापमानाने बसत नाही, वजनाने बसते. गार पाणी जड म्हणून खाली राहते आणि त्याला वर उचलायला वाऱ्याला कष्ट पडतात. पाण्याचे वजन तापमानाबरोबर एकसारखे बदलत नाही. ४ अंशाचे घनमीटरभर पाणी ५ अंशाला आले तर साधारण ८ ग्रॅमने हलके होते. २९ अंशाचे ३० अंशाला आले तर जवळजवळ ३०० ग्रॅमने. म्हणजे तापलेल्या पाण्यात एकच अंश सदतीसपट काम करतो. आपल्या शेततळ्यातला २९ ते ३२ हा तीन अंशांचा फरक घनमीटरमागे सुमारे ९०० ग्रॅमचा आहे, आणि गार सरोवरात तेवढाच फरक पडायला ४ अंशापासून १५ अंशापर्यंत जावे लागते. थंड प्रदेशाची मोजपट्टी उष्ण तळ्याला लावल्यामुळे आपल्याकडची झाकणे कित्येकदा नोंदलीच जात नाहीत.

उथळ तळ्यात हे झाकण रोज दुपारी बसते आणि रोज रात्री विरते, हेही खरे. संध्याकाळी वरचे पाणी निवते, जड होते, खाली बुडते आणि तळाला थोडा श्वास मिळतो. हा रोजचा आधार केव्हा तुटतो, ते ओळखणे महत्त्वाचे. पाणी शेवाळाने गर्द हिरवे झाले की ऊन वरच्या हातभर पाण्यातच शोषले जाते, त्यामुळे वरचा थर जास्त तापतो आणि खाली अंधार पडतो. अंधारात शेवाळ प्राणवायू बनवत नाही. पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडून ती दिसेनाशी होते ती खोली मोजली, आणि ती २५ सेंटिमीटर भरली, तर तिच्या दोनअडीचपट खोलीच्या खाली प्राणवायूची कमाई नाही असे समजावे. तीन मीटरच्या तळ्यात म्हणजे जवळजवळ अडीच मीटर पाणी केवळ खर्चावर चालले आहे. त्यात मे अखेरच्या ढगाळ, उबदार, वारा नसलेल्या रात्री आल्या की वरचे पाणी पुरेसे निवत नाही, आणि झाकण दिवसामागून दिवस टिकून राहते. खालचा प्राणवायू संपतो, पण कुजणे थांबत नाही. जिवाणू मग पाण्यातल्या सल्फेटवर जगू लागतात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. गाळातले लोह विरघळते, मिथेनचे बुडबुडे सुटतात. ही सगळी द्रव्ये प्राणवायू दिसताच त्याच्यावर तुटून पडणारी असतात. शिदोरी संपलेले पाणी इथून पुढे उधारीवर जगते.

ही उधारी चुकती होते ती पाणी उलटण्याच्या दिवशी. पुस्तकात पाणी उलटण्याचे वर्णन बहुधा सुखान्त असते : वरचे पाणी निवले, थर एकवट झाले, तळाला प्राणवायू मिळाला. एरीच्या मधल्या खोऱ्यात तसेच घडते, आणि का घडते ते पाहण्यासारखे आहे. वरचे १५ मीटर पाणी लिटरमागे ९ मिलिग्रॅमचे आणि खालचे ३ मीटर अगदी शून्याचे धरले, तरी सगळे मिसळल्यावर साडेसात उरतात. माशाला ते भरपूर आहे. खालचा थर पातळ होता म्हणून तो लवकर गुदमरला, आणि पातळ होता म्हणूनच त्याच्या मिसळण्याने वरच्याचे काही बिघडले नाही. पाणी उलटल्याने प्राणवायू तयार होत नाही, असलेला वाटला जातो. वाटणीत कोणाच्या पदरात काय पडेल हे दोन्ही थरांच्या आकारावर आणि खालच्या उधारीवर ठरते.

तेच गणित प्लॅस्टिक कागद अंथरलेल्या शेततळ्यावर करून पाहू. वर ३० मीटर बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, उतरते काठ आणि तळ २४ बाय २४. सगळे मिळून साधारण २,२०० घनमीटर पाणी. झाकण मध्यावर बसले असेल तर वरच्या दीड मीटरात सुमारे १,२२० घनमीटर आणि खालच्यात ९७५. कागदाचे तळे आहे, चिखल कुठला, असे म्हणता येत नाही. दोनतीन हंगामांचे खाद्य, शेण आणि मेलेले शेवाळ यांचा काळा थर कागदावर साचतोच. संध्याकाळी वरचे पाणी लिटरमागे ८ मिलिग्रॅमचे आहे आणि खालचे शून्याचे. वळीव येतो. आधी वाऱ्याचा झोत, मग गार पावसाचे थेंब आणि कधी गारा. हे गार पाणी जड असल्यामुळे झाकण फोडून खाली जाते आणि तळाचे वर येते. वाटणी झाली की लिटरमागे ४.४ मिलिग्रॅम. खालच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम हायड्रोजन सल्फाइड असेल तर त्याला जवळपास दुप्पट प्राणवायू लागतो, आणि मिसळलेल्या एकूण पाण्यातून तो सुमारे ०.८ मिलिग्रॅम घेतो. उरले साडेतीन. अजून रात्र जायची आहे. हिरव्यागार तळ्यात शेवाळ, मासे आणि गाळ मिळून रात्रभरात दोनअडीच मिलिग्रॅम सहज ओढतात. पहाटेला १ उरतो. ढवळून वर आलेल्या गाळाची भूक यात मी धरलेलीच नाही. पाचच्या सुमाराला मासे पाण्यावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, काठाला आणि पाणी पडते त्या नळाच्या तोंडाशी गोळा होतात, माणूस जवळ गेला तरी पळत नाहीत. दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेले राहिले तर सूर्य उगवूनही भरपाई होत नाही.

अशा सकाळी विषाचा संशय येतो. कुणीतरी औषध टाकले, किंवा पहिल्या पावसातूनच काही विषारी उतरले, असे लोक म्हणतात. संशय घेणारा मूर्ख नसतो, कारण रात्री ठीक दिसलेले तळे सकाळी पालथे पडलेले त्याच्यासमोर असते, आणि सडक्या अंड्याचा हा वायू स्वतःही माशांना विषारीच आहे. पण दोन प्रकारांत फरक करता येतो. प्राणवायू संपून मासे मरतात तेव्हा बहुधा मोठे आधी जातात आणि बोटाएवढे मागे उरतात. पहाटे मरतात. पाण्याचा रंग हिरव्यावरून करडा किंवा तपकिरी झालेला असतो. आणि त्याच तळ्यातली मरळ किंवा मागूर जिवंत सापडते, कारण हे मासे पाण्यावर येऊन थेट हवा घेऊ शकतात. बाहेरून पडलेले विष असे लहानमोठे निवडत बसत नाही, पहाटेची वाट पाहात नाही, आणि हवा घेणाऱ्या माशालाही सोडत नाही. चार खुणा एकत्र दिसल्या तर पोलिसात धाव घेण्याआधी तळाचे पाणी काढून पाहावे.

ते पाहण्याची जुनी रीत मला आजच्या मीटरइतकीच प्रिय आहे. हंगेरीतले रसायनतज्ज्ञ लायोश विंकलर यांनी ती १८८८ मध्ये दिली. जड वजन बांधलेली बुचाची बाटली तळाशी सोडायची, दुसऱ्या दोरीने बूच ओढायचे, आणि भरलेली बाटली वर आणून हवा न लागू देता त्यात मँगनीज सल्फेट आणि पोटॅशियम आयोडाइड मिसळलेल्या अल्कलीचे काही थेंब सोडायचे. पाण्यात लगेच साका उमटतो. तो दह्यासारखा खाली बसू लागतो, आणि त्याचा रंगच उत्तर देतो. वरच्या पाण्याची बाटली असेल तर साका विटकरी-तपकिरी होतो, कारण मँगनीजने प्राणवायू धरलेला असतो. तळाच्या बाटलीत तोच साका पांढराशुभ्र राहिला तर त्या पाण्यात प्राणवायू नाही. आकडा काढायला पुढे आम्ल आणि थायोसल्फेटचे मोजमाप आहे, पण शेजारी ठेवलेल्या एका तपकिरी आणि एका पांढऱ्या बाटलीने तीन मीटरच्या आतली दोन वेगळी तळी कुणालाही दिसतात. सल्फाइड जास्त असेल तर ही रीत फसवते, तेव्हा नाकाचा वापर करावा : बाटली उघडताच वास आला तर उत्तर मिळालेच आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. झाकणच शत्रू असेल तर एअरेटर लावा आणि फोडा. हे अर्धे बरोबर आहे. हंगामाच्या सुरुवातीपासून रोज मध्यरात्री ते उजाडेपर्यंत एअरेटर चालवला तर झाकण टिकतच नाही, उधारी साचतच नाही, आणि हा उत्तम उपाय आहे. नैनितालच्या सरोवरात, जे सुमारे २७ मीटर खोल आहे आणि दरवर्षी हिवाळ्यात एकदाच पूर्ण उलटते, २००७ पासून तळाशी हवा सोडण्याचे काम चालते, तेही सतत. पण महिनाभर झाकण बसलेल्या तळ्यात, मासे तोंड मारताना पाहून घाबरून, मोठा पंप तळाशी सोडला तर वळवाचे काम आपणच करतो. गणित वर दिलेच आहे. अशा वेळी एअरेटर वरच्या पाण्यातच, एका कोपऱ्यात चालवावा, म्हणजे माशांना तेवढा कोपरा तरी जगायला मिळतो. खाद्य त्या दिवशी आणि पुढचे दोनतीन दिवस बंद ठेवावे. तळाचे पाणी हलवायचेच असेल तर ते आधी मोजावे आणि थोडे थोडे, दिवसाच्या उन्हात, शेवाळ प्राणवायू बनवत असताना हलवावे.

पुढच्या प्रकरणांतल्या नोंदी वाचताना दोनच गोष्टी शोधाव्यात : झाकण किती खोलीवर आहे, आणि ते किती दिवस बसून आहे. ज्या नोंदीत फक्त पृष्ठभागाचे पाणी तपासले आहे तिच्यावरून तळाबद्दल काही ठरवू नये. आणि ज्यांच्या दारात तळे आहे त्यांना माझी विनंती, की यंदा वळवाचे ढग जमण्याआधीच एका पहाटे, सूर्य उगवायच्या आत, तळाची एक बाटली भरून वर काढा.